तोट्याचा नफा झाला आणि कागदावर एकही आकडा खोटा नव्हता

दारव्हा-दिग्रस भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी धरा. साडेनऊशेच्या आसपास सभासद, तुरीची डाळ मिल, सोबत सोयाबीन साफ करायचं युनिट, गावाबाहेर दोन एकरावर शेड. 2023-24 च्या वर्षात कंपनीनं 2 लाख 80 हजार नफा दाखवला. आदल्या वर्षी 2 लाख 20 हजार होता. सप्टेंबरच्या एजीएममधे, म्हणजे सभासदांच्या वार्षिक सभेत, अध्यक्षांनी माईकवर सांगितलं की सलग तिसऱ्या वर्षी आपली कंपनी नफ्यात आहे, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या दोन महिन्यांत 420 शेतकऱ्यांनी प्रत्येकी पाच हजाराचे नवे शेअर घेतले, म्हणजे 21 लाख रुपये गोळा झाले. गोडाऊन बांधायचं होतं त्यासाठी.

पण त्या वर्षी धंद्यात खरं तर 9 लाखांच्या आसपास तोटा झाला होता.

आधीच सांगून ठेवतो, हे प्रकरण एका कंपनीचं नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी हिशेबाची कामं करतो, अशा दोन-तीन ठिकाणी जे पाहिलं ते एकत्र बांधलंय आणि आकडे गोल केलेत जेणेकरून कोणाची ओळख लागू नये. पण यातली एकएक पायरी अशीच घडते, आणि कायद्यात बसते. बोगस बिलं, खोटा स्टॉक, सह्या मारलेल्या कोऱ्या पावत्या, असलं यात काहीच नाही. म्हणूनच मला हे प्रकरण घोटाळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटते, कारण घोटाळा पकडला की सगळे म्हणतात चोर होता, इथं चोर कोणीच नाही तरी 420 लोकांनी चुकीच्या समजुतीवर पैसे टाकले.

तोटा कशानं झाला ते आधी. तूर कमी पिकली, भाव चढलेले, शेतकऱ्याला रोख पाहिजे आणि कंपनीकडं तेवढी रोख नाही, मग माल व्यापाऱ्याकडं गेला आणि मिल निम्म्या ताकदीनं चालली. मिल अर्धी चालली म्हणून पगार अर्धे होत नाहीत, विजेचा डिमांड चार्ज अर्धा होत नाही, बँकेचं व्याज तर होतच नाही. यात कोणाची बेइमानी नव्हती, शेतीधंद्यात असं वर्ष येतेच.

फेब्रुवारीत अकाउंटंटनं अंदाज काढला आणि सीईओला दाखवला. दोघंही घाबरले. कारण तोटा दिसला तर बँक सीसी लिमिट, म्हणजे माल घ्यायला खात्यातून उचल करायची मर्यादा, रिन्यू करताना हात आखडता घेईल, लिमिट कमी झालं की पुढच्या हंगामात तूर घेता येणार नाही, आणि नव्या शेअरचा तर विषयच संपला. संचालक मंडळाची मीटिंग झाली आणि तीन गोष्टी ठरल्या.

पहिली गोष्ट घसाऱ्याची, म्हणजे मशिनरी झिजते म्हणून तिच्या किमतीचा जो हिस्सा दरवर्षी वहीत खर्च लिहितात त्याची. 2020 च्या एप्रिलमधे 1 कोटी 20 लाखांची मशिनरी बसवली होती. कंपनी घटत्या मूल्याच्या पद्धतीनं घसारा लावत होती, ज्याला आपण सगळे डब्ल्यूडीव्ही म्हणतो. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोनमधे अशा साध्या मशिनरीचं आयुष्य 15 वर्षं धरलेलं आहे आणि पाच टक्के भंगार मूल्य सोडलं तर या पद्धतीत दर येतो 18.1 टक्के. तीन वर्षांचा घसारा जाऊन वहीत शिल्लक होते 66 लाख, त्यावर या वर्षीचा घसारा आला असता जवळपास 11 लाख 90 हजार. मंडळानं ठरवलं की यंदापासून सरळ रेषेची पद्धत लावू. 66 लाखांतून भंगाराचे 6 लाख वजा, उरलेले 60 लाख, उरलेली 12 वर्षं, म्हणजे वर्षाला 5 लाख. झालं, एका ठरावात 6 लाख 90 हजारांचा खर्च कमी झाला, ना एक रुपया वाचला ना एक क्विंटल डाळ जास्त निघाली.

हे बेकायदेशीर आहे का, तर नाही. हिशेब मानक 10 मधे 2016 साली सुधारणा झाली तेव्हापासून घसाऱ्याची पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल धरला जातो, मागचे हिशेब उकरायची गरज नसते, पुढून लागू करायचं आणि फरक मोठा असेल तर किती पडला ते नोट्समधे लिहायचं. कंपनीनं लिहिलं. एकोणिसाव्या पानावर, इंग्रजीत, लहान अक्षरात, की व्यवस्थापनाच्या मते सरळ रेषेची पद्धत मशिनरीच्या वापराचं चित्र जास्त योग्य दाखवते आणि त्यामुळं घसारा 6.90 लाखांनी कमी आहे. सीएनं पाहिलं, टिक केलं. आणि खरं सांगायचं तर त्या पद्धतीची बाजू मांडताही येते, कारण डाळ मिल वर्षातले चार-पाच महिने चालते आणि तिची झीज दरवर्षी साधारण सारखीच होते असं एखादा इंजिनिअर म्हणू शकतो. प्रश्न पद्धत बरोबर की चूक हा नाहीच. प्रश्न हा की तीन वर्षं ही गोष्ट कोणाला सुचली नाही, ती नेमकी तोट्याच्या वर्षीच फेब्रुवारीत कशी सुचली. चांगल्या वर्षी हाच बदल त्यांनी केला असता का? माझं उत्तर नाही आहे, आणि त्या मीटिंगमधे बसलेल्या प्रत्येकाचंही तेच असेल.

दुसरी गोष्ट मशीनच्या सर्व्हिसिंगची. दरवर्षी मार्चमधे हंगामाच्या मध्यात मिल आठ दिवस बंद ठेवून काम काढायचे. एमरीचे रोलर झिजलेले असतात ते नवीन लेप देऊन आणायचे, चाळण्या बदलायच्या, एलिव्हेटरचे पट्टे बदलायचे, खर्च अडीच लाखांच्या घरात. या वर्षी ठरलं की एप्रिलनंतर करू. संपूर्ण खर्च 31 मार्चच्या पलीकडं गेला. यात तर हिशेबाचा प्रश्नच येत नाही, जे काम झालं नाही त्याचा खर्च लिहिताच येत नाही, उद्या करायच्या दुरुस्तीची तरतूद आज करायलाही मानकं परवानगी देत नाहीत. सीएला यात बोलायला जागाच नाही.

तिसरी गोष्ट मार्च एंडची विक्री. गोडाऊनमधे 400 क्विंटल फटका डाळ होती जी साधारणपणे एप्रिल-मे मधे हळूहळू गेली असती. सीईओनं अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला, क्विंटलमागं दीडशे रुपये भाव पाडून दिला, साठ दिवसांची उधारी दिली आणि मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत ट्रक भरून माल पाठवला. एरवी खर्च जाऊन क्विंटलला साडेसातशे सुटले असते तिथं सहाशे सुटले, पण ते या वर्षात सुटले. 2 लाख 40 हजार. बिल खरं, ई-वे बिल खरं, माल खरंच गेला, व्यापाऱ्यानं खरंच घेतला.

इथं एक बारीक रेष आहे ती सांगितली पाहिजे. माल नाही खपला तर परत घेऊ, असं तोंडी जरी कबूल केलं असतं, तर ती विक्रीच झाली नसती, कारण मालाची जोखीम कंपनीकडंच राहिली असती आणि हिशेब मानक 9 प्रमाणे ती विक्री धरताच येत नाही. मग तो सरळ खोटा हिशेब झाला. ओळखायची खूण सोपी आहे, एप्रिल-मे चं लेजर उघडायचं आणि त्याच व्यापाऱ्याच्या नावावर क्रेडिट नोट किंवा माल वापसी दिसते का ते पाहायचं. या प्रकरणात नव्हती. म्हणजे तिन्ही गोष्टी कायद्यात.

आता बेरीज करा. 9 लाख तोट्यात घसाऱ्याचे 6.90 घातले की तोटा उरतो 2.10 लाख. सर्व्हिसिंगचे अडीच घातले की 40 हजार नफा. मार्चच्या विक्रीचे 2.40 घातले की 2 लाख 80 हजार. आदल्या वर्षीपेक्षा थोडासा जास्त, डोळ्यात भरणार नाही इतकाच. आकडा असा बेताचा येतो तेव्हा अनुभवी माणूस सावध होतो. बर्गस्टालर आणि डिचेव्ह या दोन संशोधकांनी 1997 साली अमेरिकेतल्या हजारो कंपन्यांचे निकाल मांडून पाहिले होते तेव्हा दिसलं की किंचित तोट्यात असलेल्या कंपन्या अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडतात आणि किंचित नफ्यातल्या फारच जास्त. शून्याच्या अलीकडं खड्डा आणि पलीकडं ढीग. तोट्याच्या काठावर आलेल्या बऱ्याच कंपन्यांना कोणीतरी उचलून पलीकडं ठेवलेलं असते, एवढाच त्याचा अर्थ. तिथं मोठे शेअर बाजार आहेत, इथं डाळ मिल आहे, पण माणसाला शून्याची भीती सारखीच वाटते.

या 11 लाख 80 हजारांच्या फरकात बँकेच्या खात्यात खरोखर किती रुपये दिसत होते, ते मला फार महत्त्वाचं वाटते. घसारा बदलला त्यातून शून्य रुपये आले, कारण घसारा ही वहीतली नोंद आहे, तिच्यासाठी कोणी चेक फाडत नाही. मार्चच्या विक्रीतूनही 31 मार्चला शून्य रुपये आले, कारण माल गेला आणि त्याच्या जागी 58 लाखांची उधारी बसली. फक्त सर्व्हिसिंगचे अडीच लाख खात्यात राहिले, आणि तेही मशीनकडून उसने घेतलेले. म्हणजे नफ्याचा आकडा 11.80 लाखांनी सुधारला आणि रोख सुधारली अडीच लाखांनी. ही तफावत हीच सगळ्यात भरवशाची खूण. मोठ्या कंपन्यांच्या अहवालात रोकड प्रवाह पत्रक असते, त्यात धंद्यातून आलेली रोख आणि नफा शेजारी ठेवून पाहता येतात, पण कायद्याच्या व्याख्येत जी लहान कंपनी ठरते तिला ते पत्रक जोडणं बंधनकारक नाही. त्यामुळं आपल्याकडच्या सभासदाला ते मिळतच नाही, त्याला स्वतःच येणी किती वाढली, स्टॉक किती कमी झाला, सीसी खात्यात किती उचल आहे हे ताळेबंदातून शोधावं लागते. आणि साडेनऊशे लोकांपैकी हे कोण करणार आहे?

एक काकाजी होते ज्यांनी केलं. त्यांनी ताळेबंद वाचला नाही, त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांच्या तुरीचे पैसे दीड महिना थकले होते. एजीएममधे उभं राहून ते म्हणाले, "अध्यक्षसाहेब, कंपनी नफ्यात हाय म्हणता तं आमचे पैशे काऊन नाई भेटून रायले?" अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, पैसे अकोल्यात अडकले आहेत, उधारी आली की पहिला चेक तुमचा." यातही खोटं काहीच नव्हतं. लोक हसले, विषय पुढं गेला. त्या सभेतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता, आणि त्याचं पुरं उत्तर दिलं असतं तर सगळी गोष्ट तिथंच उलगडली असती.

आता प्रामाणिकपणाकडं येतो. संचालकांशी बोललं की ते एकच सांगतात, आम्ही काय खोटं बोललो ते दाखवा. दाखवता येत नाही. नफा 2.80 लाख हे खरं, सलग तिसरं वर्ष हे खरं, ऑडिट स्वच्छ हे खरं, घसाऱ्याची नोट छापली हे खरं. पण आपल्याकडं नरो वा कुंजरो वा म्हणतात ते याच्यासाठीच ना. ज्यानं ते वाक्य उच्चारलं त्यानंही शब्द खराच उच्चारला होता आणि ऐकणाऱ्यानं कोणता अर्थ घ्यावा हेही त्याला पक्कं माहीत होतं. प्रामाणिकपणा वाक्यावाक्यानं मोजून कळत नाही. समोरच्याच्या मनात कोणती समजूत बसावी म्हणून तुम्ही बोलताय आणि ती समजूत खरी आहे की नाही, यावर तो ठरतो. अध्यक्षांना माहीत होतं की "तिसऱ्या वर्षी नफा" ऐकून शेतकरी काय समजणार, तो समजणार की मिल नीट चालू आहे. आणि त्यांना हेही माहीत होतं की मिल नीट चालू नाही. या दोन माहित्यांच्या मधे जे अंतर आहे तिथंच फसवणूक आहे, कायद्यानं तिला नाव दिलं असो नसो.

आणि नोट छापली होती हे उत्तर मला पटत नाही. नोट कोणासाठी छापली? इंग्रजीतली एकोणिसाव्या पानावरची नोट सीए वाचतो, बँकेचा क्रेडिट ऑफिसर कदाचित वाचतो. सभासदाच्या हातात जी चार पानी मराठी पुस्तिका दिली त्यात नफ्याचा आकडा ठळक होता आणि घसाऱ्याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणजे ज्याला समजून काही फरक पडत नव्हता त्याला सांगितलं आणि जो पैसे टाकणार होता त्याला नाही. माहिती उघड करणं आणि सांगणं यात हा फरक आहे, आणि ज्यानं आयुष्यभर तलाठ्याच्या कागदावर अंगठा टेकवला त्याला तो बरोबर कळते.

ब्रन्स आणि मर्चंट या दोघांनी 1990 च्या आसपास अमेरिकेतल्या मॅनेजर लोकांना विचारलं होतं की नफा सावरायच्या कोणत्या युक्त्या तुम्हाला नैतिक वाटतात. बहुतेकांचं मत असं निघालं की हिशेबात फेरफार करून आकडा हलवणं जास्त वाईट, पण धंद्याचेच निर्णय पुढं-मागं करून, म्हणजे खर्च लांबवून किंवा विक्री आधी ओढून आकडा हलवणं तेवढं वाईट नाही. आपल्या संचालकांचंही अगदी हेच मत होतं, सर्व्हिसिंग लांबवली हे सांगताना कोणालाच संकोच वाटला नाही, घसाऱ्याचं सांगताना मात्र आवाज खाली गेला. मला हे उलटं वाटते. घसाऱ्याच्या बदलानं फक्त वही बदलली, गावातल्या कोणाचा दाणाही कमी झाला नाही, आणि वाचता येणाऱ्याला तो बदल उलटा करून खरा आकडा काढता येतो. सर्व्हिसिंगचं काय झालं ते पाहा.

एप्रिलमधे करायचं ठरलेलं काम एप्रिलमधे झालंच नाही, कारण रोख अकोल्यात अडकली होती. रोलर जूनमधे उतरवले. तोपर्यंत एप्रिल-मे मधे झिजलेल्या एमरीवर 2000 क्विंटल तूर निघाली. रोलर गुळगुळीत झाला की टरफल एका फेरीत सुटत नाही, मग ऑपरेटर दाब वाढवतो, फेरी वाढवतो, आणि डाळ तुटते. शंभर किलो तुरीतून जिथं बहात्तर-त्र्याहत्तर किलो डाळ पडायची तिथं एक किलो कमी पडायला लागली आणि चुनी, म्हणजे तुटक्या डाळीचा चुरा, वाढली. एक किलो म्हणजे काय ते कोणाला जाणवत नाही, ऑपरेटर सोडून. पण 2000 क्विंटलवर ती 20 क्विंटल डाळ झाली, आणि डाळ व चुनीच्या भावात क्विंटलमागं अकरा हजारांचा फरक धरला तर 2 लाख 20 हजार रुपये चुनीत गेले. अडीच लाखांचा खर्च टाळला नाही, तीन महिने लांबवला, आणि त्यासाठी जवळपास तेवढेच पैसे मोजले. हा तोटा कोणत्याही नोटमधे येत नाही, कोणता ऑडिटर तो पकडू शकत नाही, आणि तो सरळ शेतकऱ्याच्या तुरीतून गेला. मार्चच्या विक्रीतही तसंच, क्विंटलमागं दीडशे रुपये सोडले म्हणजे 400 क्विंटलवर 60 हजार रुपये फक्त तारीख विकत घ्यायला दिले. वहीतला खेळ वाईटच, पण धंद्यातला खेळ धंदाच खातो.

2024-25 मधे मग व्हायचं तेच झालं. धंदा साधारण तसाच चालला, ना फार बरा ना फार वाईट. पण मार्चला ओढलेली 400 क्विंटलची विक्री या वर्षाला मिळाली नाही, सर्व्हिसिंग दोनदा आली, एक जूनमधे थकलेली आणि एक मार्चमधे नेहमीची, आणि चुनीत गेलेले वेगळे. घसारा कमी लागत होता तेवढाच आधार, तो फायदा अजून तीन-चार वर्षं दिसत राहील आणि मग उलटा फिरेल, कारण जुन्या पद्धतीत घसारा दरवर्षी घटत गेला असता आणि नव्या पद्धतीत तो शेवटपर्यंत पाच लाखच राहणार. तरीही तोटा 9 लाखांच्या वर गेला. सभासदांच्या डोळ्यांना काय दिसलं, तर तीन वर्षं नफ्यातली कंपनी एका वर्षात 9 लाखांनी आपटली. लोक म्हणाले पैसे खाल्ले. कोणीच खाल्ले नव्हते. पण ते आता कोणाला पटवायचं आणि कोणत्या तोंडानं? पहिल्या वर्षी 9 लाख तोटा सांगितला असता तर दुसऱ्या वर्षी सगळं जुन्याच पद्धतीनं चालून तो 7 लाखांवर आलेला दिसला असता, म्हणजे सुधारणा दिसली असती.

विश्वासाचा विचार करताना एक गोष्ट लोक विसरतात, ती उत्पादक कंपनीच्या कायद्यातली. इथला शेअर बाजारात विकता येत नाही. मंडळाची परवानगी घेऊन तो दुसऱ्या सक्रिय सभासदालाच देता येतो, तोही दर्शनी किमतीला. मोठ्या कंपनीचा गुंतवणूकदार निकाल आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर विकून मोकळा होतो, त्याचा राग भावात दिसतो. आपल्या शेतकऱ्याला ती वाटच नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी, एजीएममधलं एक मत, आणि आपली तूर कोणाच्या काट्यावर न्यायची तो निर्णय. म्हणून इथं माहिती लपवणं जास्त गंभीर, कारण ज्याला बाहेर पडता येत नाही त्याला आत येतानाच सगळं कळायला पाहिजे. पुढच्या हंगामात त्या 420 पैकी बऱ्याच जणांनी तूर व्यापाऱ्याकडं नेली. कोणी भांडलं नाही, निवेदन दिलं नाही. मिल आणखी रिकामी चालली. ज्या सीसी लिमिटसाठी हे सगळं केलं ते लिमिट आलंसुद्धा, पण लिमिट असून माल नाही अशी वेळ आली.

आणि आपल्या भागात हा विश्वास आधीच पातळ आहे. किती घरांत सूतगिरणीचे, जिनिंगचे, पतसंस्थेचे शेअर सर्टिफिकेट पेटीत पडून आहेत, बापानं घेतलेले, ज्यावर एक रुपया कधी आला नाही. त्या घरातल्या पोरानं पुन्हा पाच हजार दिले ते नोट वाचून नाही दिले, ते अध्यक्ष आपल्या गावचे आहेत, त्यांचा बाप आपल्या बापाच्या ओळखीचा होता म्हणून दिले. शेअर बाजारात विश्वासाच्या जागी थोडंफार सेबी, विश्लेषक, रेटिंग एजन्सी असतात. इथं माणूसच आहे.

संचालकांची बाजू मी हलकी समजत नाही. त्यांच्यापैकी कोणी नफ्यावर बोनस घेत नव्हतं, बैठक भत्त्यापलीकडं त्यांना काही मिळत नाही, उलट बँकेला दोघांची वैयक्तिक हमी आहे. एक संचालक मला म्हणाले, "तोटा दाखवला असता तं कंपनी तिथंच बसली असती भाऊ, आमी कोणासाठी केलं हे?" कंपनी वाचवण्यासाठी केलं, हे मी मानतो. पण कंपनी वाचवायची की नाही आणि त्यासाठी किती जोखीम घ्यायची हा निर्णय 420 लोकांचाही होता, पैसे त्यांचे होते. तुमच्या भल्यासाठी तुमच्यापासून लपवलं, असं म्हणताना आपण त्या माणसाला कळत नाही असं धरतो. ज्या माणसाला बोंडअळीचं वर्ष कळते, दुबार पेरणी कळते, त्याला एक वाईट वर्ष कळलं नसतं?

बरं, मग करता काय आलं असतं? सरळ रेषेची पद्धत खरंच योग्य वाटत होती तर ठेवायची होती. फक्त मराठी पुस्तिकेत नफ्याच्या आकड्याखाली लिहायचं की घसाऱ्याची पद्धत बदलली नसती तर 4 लाख 10 हजार तोटा दिसला असता, मार्च अखेरीस एरवीपेक्षा 400 क्विंटल जास्त विकले आहेत, सर्व्हिसिंगचा अडीच लाखांचा खर्च पुढं ढकलला आहे. तीन वाक्यं. युक्ती आहे की प्रामाणिक निर्णय हे ओळखायला मला याच्याहून चांगली कसोटी माहीत नाही, की कारण माईकवर सांगता येते का. पद्धत बदलायचं कारण सभेत सांगायला जीभ अडखळत असेल तर त्या बदलाचा खरा हेतू मीटिंगमधल्या लोकांना माहीत आहे. बँकेलाही हेच सांगता आलं असतं, तुरीची आवक किती कमी झाली याचे बाजार समितीचे आकडे दाखवून, रोख किती सुटली ते दाखवून. कारण घसारा काढला तर त्या 9 लाख तोट्यातही कंपनीला जवळपास 2 लाख 90 हजार रोख सुटत होती, व्याज भरून. हा आकडा बँकेपुढं ठेवण्यासारखा होता आणि तो कोणीच ठेवला नाही, सगळे नफ्याच्या ओळीतच अडकले.

कायद्याचं एक टोक इथं उघडं राहते. हिशेबपत्रकं कायद्यात बसली, पण त्यांच्या जोरावर शेअर विकताना कोणी मुद्दाम महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा दिशाभूल करणारं विधान करून लोकांना पैसे गुंतवायला लावले, तर कंपनी कायदा 2013 चं कलम 36 लागू होऊ शकते आणि त्यात शिक्षा फसवणुकीची आहे. म्हणजे जो हिशेब मार्चमधे कायदेशीर होता तोच सप्टेंबरमधे शेअरच्या फॉर्मशेजारी ठेवला की प्रश्न बदलतो. लपवणं मुद्दाम होतं हे सिद्ध करणं सोपं नाही, आणि पाच हजारांसाठी कोणता शेतकरी कोर्टात जाणार आहे, पण नोट छापली म्हणजे सुटलो असं समजणाऱ्या संचालकांनी हे कलम एकदा वाचावं.

2025 च्या एजीएममधे मंडळानं घसाऱ्याची आणि बाकी दोन्ही गोष्टींची माहिती पहिल्यांदा मराठीत वाचून दाखवली. दोन तास आरडाओरडा झाला. त्या 21 लाखांचं काय हा प्रश्न अजून तसाच आहे. गोडाऊनच्या पायात पैसे गेलेत, परत द्यायला कंपनीकडं रोख नाही. माझं मत विचाराल तर त्या 420 जणांना निदान लेखी कळवलं पाहिजे की तुम्ही शेअर घेतले तेव्हा कंपनीची खरी स्थिती काय होती, आणि ज्याला नको असेल त्याचा शेअर घ्यायला दुसरा सभासद शोधायची जबाबदारी मंडळानं स्वतःवर घेतली पाहिजे, संचालकांनी आधी स्वतःच्या खिशातून थोडे घेऊन. दोन संचालक तयार आहेत, बाकीच्यांचं म्हणणं आहे की आम्ही कायद्याबाहेर काही केलंच नाही तर घ्यायचे कशासाठी.